उचललेली जागा

दादा,

तुझा निरोप तीनदा ऐकला. आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. पहिल्याच वाक्यात म्हणतोस, "अरे तू परदेशात इंजिनियर, पैसा नुसता बँकेत कुजतोय, आमच्या भिशीत ये, दरमहा नफा." आणि शेवटी हळूच, खोकल्यासारखं करून, माझ्या आईबद्दल, "मामीला जरा समजाव, पोलीस चौकीच्या भानगडीत कशाला पडते." दोन्ही गोष्टींचं उत्तर एकदमच देतो.

आधी नफा. तू सांगितलंस ते मला पाठ आहे. वीस माणसं, दरमहा प्रत्येकी दहा हजार, गोळा होतात दोन लाख. तुझ्या दिवाणखान्यात चहा होतो आणि लिलाव लागतो. ज्याला नड असेल तो बोलतो, "मी एवढे सोडतो." सगळ्यांत जास्त सोडणारा रक्कम उचलतो. सोडलेल्या पैशांतून तुझे दहा हजार बाजूला, उरलेले वीस जणांत सारखे. हाच तुमचा नफा. दादा, हा नफा कुठल्या धंद्यातून येत नाही. त्या महिन्यात ज्याचा गळा सर्वांत जास्त आवळलाय, त्याच्या गळ्यातून येतो.

सहाव्या महिन्यात तो गळा ठिणगीकाकांचा होता.

ठिणगीकाका म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या दुकानात वेल्डिंग करणारे, तुला काय सांगायचं! माझ्या सायकलची फ्रेम त्यांनी चारदा जोडली, आणि दर वेळी म्हणायचे, "आता सायकल कमी आणि माझं वेल्डिंग जास्त झालंय, निम्मी माझ्या नावावर कर." बिडी नाही, दारू नाही, व्यसन एकच, बडबड. काळा चष्मा कपाळावर चढवून बोलत बसायचे आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. काकू आतून ओरडायच्या, "तोंडाला टाका मारा आधी!" मग दोघंही हसायची. मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर, प्रत्येक खिडकीच्या गजावर त्यांचा हात फिरलेला आहे. तुझ्याही.

काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हटलं. काका तुझ्या लिलावाला आले, आणि त्यांना तोंड लपवता येत नाही. आल्या आल्या सगळ्यांना सांगून मोकळे झाले की आज मलाच पाहिजे. असं कोण करतं रे लिलावात? आणि तुझा मेहुणा, ज्याला पैशाची काडीची गरज नव्हती, तो तुझ्याकडे बघून आकडा चढवत गेला. त्याने साठ हजार म्हटलं, काकांनी घाबरून सत्तर. दोन लाखांतले एक लाख तीस हजार हातात आले. तुझे दहा गेल्यावर उरलेले साठ वीस जणांत वाटले, तीन-तीन हजार. त्या दिवशी सगळ्यांनी दहाऐवजी सातच भरले आणि तुझी पाठ थोपटली. हे काकांनीच मला फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून. "तुझ्या भावाच्या घरचा चहा मला सत्तर हजाराला पडला!"

त्यानंतर पाच महिने त्यांनी हप्ते भरले. मग ज्या ठेकेदाराचे मोठे दरवाजे केले होते, त्याने हात वर केले. दोन हप्ते चुकले.

आता एक सांग. भिशीची पहिली रक्कम तू लिलावाशिवाय, पूर्ण दोन लाख, का उचललीस? कारण चालवणाऱ्याचा तो मान असतो. आणि मान फुकट नसतो. कुणी बुडवलं तर चालवणाऱ्याने पदरचं भरायचं, हा त्याचा सौदा असतो. दोन हप्ते तुझ्या खिशातून जायचे होते, दादा. तू खिशात हात घातला नाहीस. तू काकांच्या दुकानाचं शटर खाली ओढलंस.

भर दुपारी. आई तव्याची मूठ जोडायला घेऊन गेली होती. शटर हातभर वर होतं, आतून आवाज येत होता म्हणून ती वाकली. तुझा मेहुणा काकांच्या पाठीवर लोखंडी पट्टीने मारत होता, चादर झटकावी तसा. आणखी दोघं होते, तुझे सभासद, एक औषधांच्या दुकानाचा मालक आणि एक शाळेतला मास्तर. त्यांनी पाय धरले होते. नाकातून रक्त येऊन काकांचा शर्ट भिजला होता. तरी ते बोलत होते, "अरे हळू, हळू, देतो ना, ठेकेदाराने दिले की देतो." मग त्यांचा उजवा हात त्यांच्याच टेबलावरच्या, लोखंड आवळून धरायच्या शिकंज्यात घातला. आणि दांडा फिरवला. आई म्हणते, आधी ते ओरडले नाहीत, "नको, नको, हात नको" एवढंच म्हणाले. दुसऱ्या फेऱ्याला बोटं मोडल्याचा आवाज तिला रस्त्यावर ऐकू आला. मग ते जे ओरडले, ते तिच्या कानातून अजून जात नाही. ती जेवत नाही रे नीट.

काकांनी दवाखान्यात सांगितलं, काम करताना हात अडकला. लाजेनं सांगितलं, आणि भीतीनं. तीन बोटं काढावी लागली. आता टाका मारणार कशानं?

म्हणजे साक्षीदार एकटी आई, आणि ती वाकून बघताना तुम्हाला दिसली होती. तिने मला फोन केला, म्हणाली, "नणंदेचा मुलगा आहे, मांडीवर खेळवलाय, काय करू सांग." मी एक दिवस मागितला. आणि त्याच दिवशी तुझा निरोप आला. "एक जागा रिकामी झालीय. मागचे अकरा हप्ते तुला माफ!"

वा रे माफी! मी मूर्ख वाटलो काय तुला? ती काकांची जागा आहे. उचललेली जागा. तिच्यावर लिलावात बोलता येत नाही, शेवटी हातात दमडी येत नाही, नुसते उरलेले हप्ते भरायचे. दरमहा जी सूट मिळेल ती माझ्याच पैशांवरची, आणि तिलाच मी नफा म्हणायचं. तुझं बुडीत मी भरायचं, शिवाय मी तुमच्यातला एक झालो की आईचं तोंड आपोआप बंद. एका दगडात काय काय पाडायला निघाला होतास रे! इतकं डोकं चांगल्या कामात घातलं असतंस तर आत्या सुखी झाली असती.

तर उत्तर. मी येत नाही. काकांच्या हातासाठी जे लागेल ते मी काकूंकडे पाठवतोय, त्याला नफा नाही. आणि आईला मी सांगितलं, "जा."

काल तुझा मेहुणा आमच्या दारात आला होता. खिडकीची काच फोडली, आईच्या अंगावर धावून गेला, तिचं मनगट पिरगाळलं, शेजारी आले म्हणून सुटली. तिने काचा झाडून गोळा केल्या, केस बांधले आणि चौकीवर गेली. जबाबात चौघांची नावं आहेत. मेहुणा पट्टीवाला, दोघं पाय धरणारे. शिकंज्याचा दांडा कोण फिरवत होतं हे विचारलं तेव्हा ती आधी "माझ्या नणंदेचा मुलगा" एवढंच म्हणाली, मग तुझं नाव सांगितलं.

फौजदाराने सही घेतली. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "साहेब, त्याला आणाल तेव्हा मारू नका हं."