बुंदीचा श्रावण

नाचणगावात तानबाची चक्की माहीत नसलेला माणूस नसंल. ज्वारी दळणारे, तिखट दळणारे, हळद दळणारे, सगळे तठीच. दळण तर कुठंई दळून भेटते, पण लोक तानबाकडं थांबत ते त्याच्या बोलण्यासाठी. पट्टा फिरत राहे, तानबा आवाजावर आवाज चढवून सांगत राहे. आणि सांगाले काई नसलं का बुंदीच्या गोष्टी सांगे.

बुंदी म्हंजे त्याची मांजर. नारिंगी, गोल, सात किलोची. चक्कीच्या काट्यावर बसवून त्यानं गिऱ्हाइकायले कितीदा तरी दाखवली असंल. उंदीर धरणं तिनं कवाच सोडलं होतं. रोज एक उकडलेलं अंडं, मूठभर सुकट, वरून जो येईल त्याचा घास.

श्रावण लागला तसं त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं, अंडं, सुकट बंद केलं. तिचा घरातला नेमच होता. तानबानं बुंदीपुढं दूध-भाकर ठेवली. बुंदीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई दळण घेऊन आली, वाटी भरलेली पाहून म्हणे, "काऊन रे तानबा, हे खात नाई काय?"

तानबाच्या तोंडून निघून गेलं, "तिनं श्रावण धरला, बाई."

झालं. मनकर्णाबाईनं हात जोडले. तानबाले लई मजा वाटली. मग येईल त्याले तो हेच सांगे. कोणी कुंकू आणलं, कोणी फोटो काढला. बुंदी पोत्यावर पडून राहे, आणि तानबा म्हणे, "पाहा, कशी शांत झाली."

प्रमिलाबाई दोनदा बोलली. "अवो, जनावर हाय ते. त्याले काय कळते उपास?"

"तुले नाई कळत, तिले कळते," तानबा म्हणे. लोक हसत.

दहाव्या दिवशी बुंदीच्या तोंडातून लाळ गळत होती. सकाळी पाण्यासारखी उलटी केली होती. तानबानं तिचा कान पाहिला, आतून पिवळा. चक्कीवर आदल्या दिवशी हळद दळली होती, तो म्हणे, हळद उडाली असंल. फडकं ओलं केलं, पुसलं. जाईना. परत पुसलं. मग प्रमिलाबाईनं बुंदीचा ओठ वर केला. हिरड्याई पिवळ्या.

"हे हळद नोय," ती म्हणे.

त्यानं बुंदीले काट्यावर ठेवलं. सहाच्याई खाली. काल-परवापर्यंत तो हेच सांगत होता, का बुंदी हलकी झाली, चपळ झाली. आता तो टोपली शोधाले लागला.

वर्ध्याले लहान जनावरांच्या दवाखान्यात मयुरी मॅडम आहेत. दोघं नवरा-बायको टोपलीत बुंदीले घेऊन गेले. मॅडमनं पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं, सोनोग्राफी केली. मग विचारलं, "किती दिवस झाले खाल्लं नाही?"

"दोन," तानबा म्हणे.

प्रमिलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो टेबलाकडं पाहत राह्यला.

मॅडमनं स्क्रीन दाखवली. "हे यकृत. सुजलंय, आणि नको तितकं पांढरं दिसतंय. चरबी भरलीय त्यात. लठ्ठ मांजर खायचं बंद करतं, तेव्हा अंगातली चरबी सुटून यकृतात येते. यकृताला ती उरकत नाही. पित्त अडकतं, म्हणून पिवळी दिसते. पण दोन दिवसांत एवढं होणं अवघड आहे, काका. नीट आठवा. जास्त दिवस उपाशी असेल आणि मी एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातले क्षार झपकन खाली येतात. त्यानंच मांजर दगावतं. दिवस खरे कळले, तरच सुरुवात किती कमी करायची ते ठरवता येईल."

टोपलीची कडी तानबानं इतकी दाबली का बोटावर वळ उठला.

"दहा," तो म्हणे. "दहा दिवस. मीच म्हनत होतो का तिनं उपास धरला. गावभर सांगतलं. लोकायनं हात जोडले तिले."

मॅडम रागावल्या नाईत. त्या रागावल्या असत्या तर तानबाले बरं वाटलं असतं.

"मांजराला मांस लागतं काका. दुधा-भाकरीवर ते चालत नाही. तोंडात कोंबून दिलं होतं काय?"

"काल सिरिंजनं दूध पाजलं."

"ते आता करायचं नाही. अन्नाची शिसारी बसते. नळीनं द्यावं लागेल."

बुंदी दवाखान्यातच राह्यली. सलाईन, पोटॅशियम, जीवनसत्त्व के, आणि पहिल्यांदा नाकातून बारीक नळी. पहिल्या दिवशी लागते त्याच्या चौथाईच अन्न, दुसऱ्या दिवशी थोडं वाढवलं. तब्येत जरा सावरली तेव्हा भूल देऊन मानेत, डाव्या बाजूनं, जाड नळी घातली. घरी नेताना तानबानं विचारलं, "वाचते काय?"

"पहिले चार-पाच दिवस काढले, नेटानं खाऊ घातलं, तर दहातल्या सात-आठ वाचतात. यकृत पुरतं भरून येतं. पण नळी महिनाभरही राहू शकते. दिवसातून पाच वेळा द्यायचं. मांसाचंच अन्न, पातळ करून."

घरी आल्यावर तानबा दारातच उभा राह्यला. श्रावण अजून चालू होता. डबा त्याच्या हातात होता, कोंबडीच्या मांसाचा.

"आत आणा," प्रमिलाबाई म्हणे. "नेम माझा हाय. तिचा नाई."

तानबानं मान खाली घातली. पहिल्यांदा ती बोलली होती तेव्हा तो गिऱ्हाइकापुढं तिच्यावर हसला होता.

मग रोज पाच वेळा. डब्यातलं मिक्सरमधून पातळ करायचं, कोमट करायचं. आधी नळीत पाच मिली पाणी, मग अन्न, हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं, मग परत पाणी, नाईतर नळी तुंबते. दुपारच्या वेळेले दोन पोती दळण पडून राहे, तरी तानबा पट्टा बंद करी. एकदा घाईनं दाबलं तर बुंदीले उलटी झाली. प्रमिलाबाईनं सिरिंज हातातून घेतली. "जोर कायले लावता? पीठ भरून राह्यले काय पोत्यात?"

घरी आणल्याच्या पंधराव्या दिवशी मनकर्णाबाई पुलगावच्या नणंदेले घेऊन आली. "दाखव रे तानबा, उपासवाली मांजर. हिले खोटं वाटून राह्यलं."

चक्कीत सहा-सात जणं होते. बुंदी तानबाच्या मांडीवर, मानेले पट्टी, नळी लोंबलेली. हातात भरलेली सिरिंज. काई तरी बोलून वेळ मारून न्यायची, हे त्याच्याइतकं कोणाले जमे? त्याच्या ओठावर आलंई होतं.

"उपास नोता, बाई," तो म्हणे. "मी तिले उपाशी ठेवली. तिचं खाणं बंद केलं, ती खाईना, आणि मी तुमाले गोष्टी सांगत बसलो. लिव्हर सुजलं तिचं. मरत होती."

चक्की बंद होती, म्हणून सगळ्यायले नीट ऐकू गेलं. मनकर्णाबाई म्हणे, "मंग मले हात कायले जोडू देले रे?"

नणंद फिसकन हसली. तानबा हसला नाई. त्यानं दट्ट्या हळूच दाबला, अर्धा मिली, थांबला, परत अर्धा. मान वर केली नाई.

पिवळेपणा उतरत गेला. तेविसाव्या दिवशी वाटीतलं पातळ अन्न बुंदीनं हुंगलं आणि चारदा चाटलं. अजून दोनदा चाटलं आणि उठून गेली.

मॅडमनं फोनवर सांगतलं, "चांगलं आहे. पण नळी काढायची नाही. आपल्या तोंडानं पुरतं खाते आणि वजन टिकवते, असं आठवडाभर दिसू द्या. तोवर नळीनं चालूच."

बाहेर दळणवाले हाका मारत होते. "तानबाभाऊ, काय झालं आत? चांगली खबर हाय काय?"

"थांबा," तानबा म्हणे. आणि दुपारच्या अन्नाआधीचं पाणी नळीत सोडलं.