चौकशी संपेपर्यंत बाबूंचं टेबल

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका सरकारी दफ्तरात मी टायपिस्ट होते, तेव्हाची गोष्ट. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मी टाइप करत असताना मागे येऊन वाकायचे आणि नको ते बोलायचे. शेवटी मी मोठ्या साहेबांकडे लेखी तक्रार दिली. सोबत दुसरा अर्जही दिला, की चौकशी संपेपर्यंत आमची टेबलं लांब ठेवावीत आणि माझं काम, माझी सुट्टी बाबूंऐवजी छोट्या साहेबांनी पाहावी.

मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही रेकॉर्डरूममध्ये बसा."

"तिथं उंदीर आहेत साहेब. अन् तक्रार मी केली, तर मीच कायले उठू?"

साहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. मग हिंदीत आदेश निघाला. माझं काम आणि सुट्टी छोट्या साहेबांकडे गेली, आणि बाबूंचं टेबल 'जाँच पूरी होने तक' व्हरांड्यात. यावरून कोणी दोषी ठरत नाही, हेही त्यात लिहिलं होतं.

व्हरांड्यात जागा होती ती फक्त पाण्याच्या माठांजवळ. पहिल्याच दिवशी पांढुर्ण्याकडचा एक शेतकरी बाबूंना म्हणाला, "भाऊ, एक गिलास पाणी दे ना. बसून काय राहिला?"

बाबूंनी आपला हुद्दा सांगितला.

"असं काय," तो म्हणाला, "मंग दोन दे."

आत हसू दाबताना माझ्या टायपिंगमध्ये तीन चुका झाल्या. छोट्या साहेबांनी त्या टेबलापलीकडून, जागेवर बसूनच दाखवल्या. मला फार बरं वाटलं. दोन महिन्यांनी तक्रार खरी ठरली आणि बाबूंची बदली झाली.