विचारलं नाही: यशोदावयनीचा तक्ता

यशोदावयनीची जीभ म्हणजे वस्तरा. जामसंड्यात तिचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, घर आमच्या गावात, आणि घरामागची विहीर जांभ्या दगडाच्या नव्या चिरेखाणीच्या जागेखाली, नेमकी उताराला. खाण झाली तर पहिली तीच आटणार, ही तिची धास्ती. तरी शाळेत झालेल्या दोन तज्ज्ञांच्या चर्चेचं रेकॉर्डिंग ऐकून तक्ता करायचं काम तिनेच मागून घेतलं. खाणीला ना हरकत द्यायची की नाही, ते ग्रामसभा त्यावरून ठरवणार होती.

एका रकान्यात आमचे भूजलतज्ज्ञ, दुसऱ्यात खाणमालकाचा सल्लागार, कडेला रेकॉर्डिंगमधली वेळ. 'चिरा पाणी धरून ठेवतो, कापला तर विहिरी आटू शकतात.' समोर, 'खाण पाण्याच्या पातळीच्या वरच थांबेल.' कुणाचाही 'जर' किंवा 'बहुतेक' तिने गाळला नाही. मग आमच्या तज्ज्ञांचा दावा, 'पातळी कोणी मोजलेलीच नाही.' त्यासमोर तिने लिहिलं, 'सल्लागारांना हे विचारलं नाही.'

आमच्या संघर्ष समितीचा अध्यक्ष गुरुदास तक्ता बघून चिडला. "वयनी, 'उत्तर देता आलं नाही' असा लिही."

"तेंका कोणी इचारूकच नाय. न इचारलेल्याचा उत्तर तुझो बापूस दितलो?"

"विहीर तुझी, आणि बाजू तेंची घेतंस?"

"विहीर माझी म्हणानच खोटा लिहिणंय नाय."

या माणसाने तो तक्ता दुसरीकडे टाईप करून घेतला, हवा तसा बदलला आणि घरोघर वाटला. मी जाब विचारला तर हसून म्हणतो, "चळवळीत चालतं रे." चळवळ म्हणे! हीच चलाखी खाणवाल्याने केली असती तर हा रस्त्यावर आडवा पडला असता. किळस आली.

ग्रामसभेत सल्लागार तो वाटलेला तक्ता घेऊन उठला. "रेकॉर्डिंग लावा. मला हे कधी विचारलं?"

लावलं. कुठेच नव्हतं. खाणवाल्यांची माणसं शिट्ट्या मारू लागली, गुरुदास मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. सरपंच म्हणाले, "तक्ताच खोटा असेल तर ना हरकत देऊन मोकळे होऊया."

वयनी स्वतःची प्रत घेऊन उठली. "माझ्या तक्त्यात 'विचारलं नाही' असंच आहे. आता विचारते. पातळी मोजली?"

"मोजली. एप्रिलमध्ये."

आमच्या तज्ज्ञांचा दावा तिथेच पडला. तिने सगळ्यांदेखत ते लिहून घेतलं.

"आणि पाऊस संपल्यावर? आश्विनात माझी विहीर काठोकाठ असते. त्या पातळीच्याही वर खाण थांबेल?"

सल्लागार म्हणाला, "ते तेव्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

तेही तिने शब्दाला शब्द लिहिलं. पावसानंतर पातळी मोजेपर्यंत ना हरकत द्यायची नाही, असा ठराव झाला.

दोन दिवसांनी पेपरात गुरुदासाचा फोटो. 'संघर्ष समितीकडून खाणीचा सल्लागार निरुत्तर.'

वयनीने दुकानात बातमी वाचली आणि पेपर टोनरची भुकटी पुसायला घेतला. "निरुत्तर खंय रे? तेनी तर बरोबर उत्तर दिल्यानी."