दोनला ओढलेली रेषा

दौंडच्या कॉलेजात जयसिंग कोकरे सर गणित शिकवायचे. छेद शून्य दिसला की लगेच असिम्प्टोटची, म्हणजे वक्र जिच्या जवळजवळ जात राहतो ती, तुटक रेषा ओढणाऱ्या पोरांवर ते खडू फेकायचे. "आधी लिमिट काढ! अनंताकडं जातंय का बघ, मग असिम्प्टोट म्हण!"

नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते नावं विसरू लागले. स्टाफरूममध्ये आम्ही बाकीच्या शिक्षकांनी ते हसण्यावारी नेलं. अजून आमचाच संताप येतो मला.

एके सकाळी त्यांचा तास संपला आणि मी त्याच वर्गात शिरलो. फळ्यावर वक्राचं समीकरण होतं: अंशात २(x−२)(x+२), छेदात (x−२)(x−३). x अनंताकडं नेला की किंमत दोनकडं जाते, म्हणून y = २ ही आडवी रेषा बरोबर होती. x = ३ ला किंमत अनंताकडं धावते, तिथली उभी रेषाही बरोबर. पण सरांनी x = २ लाही उभी रेषा ओढली होती! तिथं (x−२) कटतो, लिमिट उणे आठ येतं आणि वक्राला नुसतं भोक पडतं.

"एकानंही तोंड उघडलं नाही?" मी ओरडलो.

पहिल्या बाकावरची अनुपमा उभी राहिली. "माझं उणे आठ आलं हुतं, सर. पण कोकरे सर कसं चुकतील? म्हणून मी माझंच खोडलं."

तेवढ्यात विसरलेला चष्मा न्यायला सर परत आले. फळा बघून त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"लिमिट न काढता ही रेषा कुठल्या गाढवानं ओढली?"