सेलवर भरलेली कॅसेट

वडिलांच्या भजनाची एकच कॅसेट घरात उरली होती. निरगुडसरच्या देवळात टेपरेकॉर्डर सेलवर चालवून भरलेली. उतरलेले सेल उन्हात ठेवून परत घातलेले, म्हणून भरताना मोटर हळू फिरली. आता लावली की आवाज बारीक आणि घाईचा येतो. ती भरली त्याच्या पुढच्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं ते गेले. आम्ही इतकी वर्षं तो घाईचा आवाजच त्यांचा मानला.

मंचरच्या दुकानात मी लोकांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवतो. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. घरची कॅसेट राहूनच गेली होती. देवळातली पेटी अजून तीच आहे. तिचे सूर मोबाईलवर भरून आणले आणि कॅसेटमधली पेटी त्यांच्याशी जुळेपर्यंत गाण्याचा वेग कमी केला. मागची सूं-सूं थोडीच कमी केली, जास्त केली की गळा पत्र्यासारखा वाजतो. मग आवाज सारखा करायला दबक्या आवाजाच्या जागा वर उचलल्या, म्हणजे मोठ्या केल्या.

आईला हेडफोन दिला. पहिल्या ओळीला ती हसली.

"दोन ओळींच्या मधी काय वाजतंय रं?"

मी ऐकलं. धाप होती. ती मीच वर उचलली होती.

"तवाच दम लागत व्हता त्यांना," आई म्हणाली. "आन् आमी अजून एक म्हणा म्हणायचो." मग तिनं विचारलं, "काढता येतं का ते?"

येत होतं. त्या जागा मी गप्प केल्या आणि हेडफोन परत दिला. आता ओळ संपली की आईच श्वास धरून बसत होती.