कपाट कुठल्या हाताला

४ नोव्हेंबर १९८१, बुधवार. दिवाळीचे पाहुणे परत गेले होते आणि मला लोखंडी कपाट हलवायचं होतं. नवरा सातपूरच्या कारखान्यातून रातपाळी करून आला, चहा प्याला आणि पलंगाकडे निघाला. मी म्हटलं, आधी कपाट, मग झोप. त्याने माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि बाह्या सारल्या. वाद घालण्यापेक्षा कपाट ढकलणं लवकर आटोपेल, हे त्याला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. गॅलरीकडच्या भिंतीत दार आणि खिडकी, मागच्या भिंतीला ओटा आणि कोपऱ्यात मोरी. मध्ये जे काही उरत होतं त्यात आम्ही झोपत होतो, मी ब्लाउज शिवत होते आणि आलेल्या माणसाला बसवत होतो. बसवत होतो म्हणजे पलंगाच्या कडेवर. पण दिवसा पलंगावर नवरा झोपलेला असायचा, लुंगीत, तोंड उघडं टाकून. माझ्या मशीनच्या आवाजाने त्याची झोप कधी मोडली नाही, पण त्याला बघून माझ्या गिऱ्हाइकांचा पाय उंबऱ्यातच अडायचा. परका पुरुष झोपलाय तिथे आत जाऊन कोण माप देणार? मग मी गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून, घाईघाईने टेप लावायचे. घाईत घेतलेलं माप काखेत हमखास काचतं.

शेजारच्या खोलीत एक शिक्षिका राहायची. नवरा, एक मुलगी, संध्याकाळी शिकवणीची मुलं. खोली आमच्याच मापाची, घरमालक तोच, भिंतीला खिळा मारायचा नाही ही अटही तीच. पण तिच्याकडे गेलं की तीन खोल्यांच्या घरात आल्यासारखं वाटायचं. तिने कपाट भिंतीला न लावता भिंतीपासून खोलीत आडवं उभं केलं होतं. कपाटाची पाठ दाराकडे, तिच्यावर सोलापुरी चादर. कपाटाच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीपर्यंत एक बांबू, त्यावर पडदा. पडद्यामागे पलंग आणि स्वयंपाक. पुढे खिडकीखाली शिकवणीचं टेबल, आणि दाराजवळ बाक, त्यावर गादी, दोन उशा. त्या उशांना झालर होती. ती झालर मला दिवसभर डोळ्यांपुढे दिसायची.

एकदा माझं एक गिऱ्हाईक गॅलरीत ताटकळत होतं, तर ही दारात येऊन म्हणाली, "उन्हात कशाला उभ्या, आत बसा की." त्या बसल्या. पुढच्या वेळी त्या माझ्याकडे येण्याआधीच तिच्याकडे जाऊन बसल्या. मग इतर बायकाही तसंच करायला लागल्या. मी टेप गळ्यात घालून तिच्या दारात जायचे आणि तिच्या पडद्याआड माझ्या गिऱ्हाइकांची मापं घ्यायचे. ती वर चहा करायची. चहा चांगला असायचा, हे आणखी वाईट.

कॉलेज रोडच्या एका बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायचे होते. एवढं काम मला त्याआधी एका घरातून मिळालं नव्हतं. गुरुवारी सकाळी मुलीला घेऊन येते म्हणाल्या, आणि जाताना सहज बोलून गेल्या, "तुमच्या शेजारणीकडेच बसू ना? तिथे कसं ऐसपैस आहे."

म्हणून बुधवारी कपाट.

कपाट रिकामं केलं, पायांखाली गोणपाट घातलं आणि दोघांनी ओढलं. शेजारणीची खोली मला तोंडपाठ होती. आत शिरलं की डाव्या हाताला कपाट, त्यामागे पलंग, कपाटापुढे टेबल, उजवीकडे बाक. मी तसंच लावलं. डाव्या हाताला कपाट, मागे पलंग, पुढे मशीन, उजवीकडे शेजारच्या वाण्याकडून आणलेली बसायची पेटी.

काहीच जमेना. दार उघडलं की मशीनवर आपटायचं. मशीनवर बसले तर उजेड पाठीमागून, माझीच सावली सुईवर. पेटीवर बसलेल्याच्या पाठीत खिडकीचा गज. पलंगाने मोरीची वाट अडवली, त्यामुळे बादली घेऊन जायचं तर नवऱ्याच्या पायांवरून. आणि तो झोपला तेव्हा खिडकीतलं ऊन कपाटाला वळसा घालून नेमकं त्याच्या तोंडावर. त्याने टॉवेल डोळ्यांवर ओढला आणि म्हणाला, "आधी निदान अंधार होता."

बांबूसाठी समोर खुंटीही नव्हती. मी खिळा ठोकला. बशीएवढा गिलावा खाली आला आणि त्यामागोमाग घरमालक वर आला. तो काय बोलला ते लिहीत नाही. आवाज ऐकून शेजारीण आली. दारातून तिने खोली पाहिली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"ताई, तुमची खोली आमच्या उलटी आहे ना," ती म्हणाली. "आपली भिंत एक आहे. माझं दार त्या टोकाला, तुमचं या टोकाला. तुमची खुंटी बघा, कपाटाच्या मागे गेली."

मला शिवण शिकायला लागल्यावर कापलेला पहिला ब्लाउज आठवला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. त्यानंतर कितीतरी मुलींना मी सांगितलं असेल की कापड उलटं घडी करा, म्हणजे डावी-उजवी आपोआप येते. आणि इथे घरमालकानेच घडी घालून दोन खोल्या बांधल्या होत्या, तर मला ती दिसली नाही. तिला एका नजरेत दिसली. ती चुकीचं काही बोलली असती तर मला सोसलं असतं.

"उद्या त्यांना माझ्याकडेच बसवा," ती म्हणाली. "एका दिवसाने काय होतंय?"

मी म्हटलं, बघू. ती गेल्यावर मी चादरीला साबण लावला, कारण कपाटाच्या पाठीवर गंजाचे डाग होते आणि झाकायला माझ्याकडे तेवढी एकच धड चादर होती. सोलापुरी नव्हती. रात्री नवरा कामाला निघताना त्याला सांगून ठेवलं की सकाळी परत ओढायचं आहे. तो म्हणाला, कारखान्यात यापेक्षा कमी ओझं उचलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आल्या आल्या आम्ही कपाट उजव्या भिंतीला आडवं लावलं. पलंग त्यामागे गेला, ऊन अडलं, मोरीची वाट मोकळी झाली. बांबूचं एक टोक कपाटावर ट्रंकेखाली दाबलं, दुसरं डाव्या भिंतीतल्या खुंटीवर. जुन्या साडीचा पडदा सोडला. मशीन खिडकीखाली आलं, पेटी दाराजवळ. नवरा पडद्यामागे जाऊन झोपला, आणि पुढून पाहणाऱ्याला घरात पुरुष आहे हे फक्त घोरण्यावरून कळलं असतं.

मग मी टेप गळ्यात घातला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, कारण जिन्यावरून आलं की आधी शेजारणीचं दार लागतं. ती दारातच होती, चहाचं आधण ठेवून आलेली. कॉलेज रोडच्या बाई मुलीला घेऊन वर आल्या, सवयीने तिच्या दाराकडे वळल्या. मी मुलीचं मनगट धरलं, "या, आमच्याकडे," म्हटलं, दोघींना तिच्या दारावरून पुढे नेलं, पेटीवर बसवलं आणि दार आतून लावून घेतलं.