गोंद बदलून पाहिला

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. स्वेच्छा कसली, आमची टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणारा विभाग, बंद होणार हे सगळ्यांना कळलं होतं. शहरात तेव्हा एकीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दुसरीकडे आमच्यासारखे फिटर सकाळी डबा न घेता घरी बसायला शिकत होते. मला ते जमेना. शेवटी शाळेपासूनचा माझा मित्र म्हणाला, "घरात बसून वहिनींना छळण्यापेक्षा माझ्याकडे येऊन मला छळ."

तो सुतार. वडिलांपासूनचा धंदा, नाना पेठेतल्या एका बोळात पत्र्याची शेड. सागवानाचा भुसा, पॉलिशचा वास, भिंतीवर करवती आणि रंधे ओळीने टांगलेले. मी हिशेब बघायचो, माल आणायचो, पॉलिशला हात लावायचो आणि उरलेला वेळ त्याच्याकडे बघत बसायचो. लोखंडात मी आयुष्य काढलं होतं, पण लाकूड मला नवीन होतं.

त्या वर्षी आम्हाला सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या खुर्च्यांचं काम मिळालं. अभ्यासिका चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. स्पर्धा परीक्षांना बसणारी विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं त्यांच्याकडे सकाळपासून पुस्तकात डोकं घालून बसत. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलांच्या पाठी दुखतात म्हणून त्यांनी लाकडी खुर्च्या करायला सांगितल्या. मित्राने मन लावून केल्या. दिसायला देखण्या झाल्या.

पावसाळा संपता संपता बाई स्वतः शेडवर आल्या. रिक्षात एक खुर्ची घालून आणली होती.

"या खुर्च्या बसायला केल्यात का नुसत्या बघायला? तसं असेल तर सांगा, मी काचेच्या कपाटात ठेवते."

मित्राने खुर्ची जमिनीवर ठेवून पाठीला धरून हलवली. बैठकीखालची आडवी पट्टी मागच्या पायात डुगडुगत होती.

"आणखी तीन अशाच आहेत," बाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, "काल अकोल्याची मुलगी पडली हो. लागलं नाही फारसं. पण सगळी मुलं हसली, आणि ती दिवसभर उभ्याने वाचत होती."

मित्राचा चेहरा उतरला. "गोंद खराब निघाला, बाई. दुसरा लावून देतो."

त्याने दुसरा डबा आणला, पाण्याला टिकणारा, महागातला. सांधा उघडून गोंद ओतला, सांधा दाबून धरणारे क्लॅम्प आवळले. डब्यावर लिहिलं होतं तासभर क्लॅम्प पुरे, दुसऱ्या दिवसापर्यंत वजन देऊ नका. याने क्लॅम्प रात्रभर ठेवले. खुर्च्या गेल्या आणि दिवाळीनंतर त्यातल्या दोन परत आल्या. मग तो म्हणाला, थंडी पडायला लागली, गोंद धरत नाही. यात तथ्य होतं. पुण्याच्या थंडीत पहाटे शेडचा पत्रा बर्फासारखा होतो. पांढरा गोंद फार गारठ्यात नीट सुकत नाही, खडूसारखा भुरभुरीत होतो. म्हणून आम्ही गोंदाचा डबा आणि पट्ट्या उन्हात ठेवायला लागलो, दुपारी जोडायला लागलो. क्लॅम्प आता दोन दोन दिवस निघत नव्हते. सगळे क्लॅम्प त्या खुर्च्यांवर अडकलेले आणि बाकीचं काम खोळंबलेलं.

"क्लॅम्प वाढवले पाहिजेत," तो म्हणाला. "आणि तो दोन नळ्यांचा गोंद आणू. इपॉक्सी. त्याला दगडही सुटत नाही."

मी मान डोलावली, पण मला ते पटत नव्हतं. टूलरूममध्ये एखादा भाग पुन्हा पुन्हा निसटला तर आम्ही तेल बदलत नसू, मोजत असू. एका दुपारी तो लाकूड बघायला टिंबर मार्केटला गेला, तेव्हा मी घरून आणलेला व्हर्नियर, केसाएवढा फरक दाखवणारी मोजपट्टी, काढला आणि सुटलेला सांधा मोजायला घेतला.

पट्टीच्या टोकाला कापून काढलेली जीभ असते, तिला कूस म्हणतात. ती पायातल्या खाचेत बसते. ही कूस मुळाशी खाचेएवढी होती, पण टोकाकडे निमुळती होत गेली होती. एका अंगाला तर करवत लाटेसारखी वाकडी गेली होती. कुसेवर गोंदाचा जाड, चकचकीत पापुद्रा होता. नखाने खरवडला तर पापुद्रा सरळ निघून आला, त्याला लाकडाचा एक तंतू चिकटलेला नव्हता. म्हणजे गोंद लाकडाला जोडत नव्हता, पोकळी भरून बसला होता. पांढऱ्या गोंदातलं पाणी उडालं की तो आकसतो. पोकळीत आकसला की आत भेगा पडतात.

आणि क्लॅम्प? तो पट्टी लांबीच्या दिशेने पायात ओढतो. कुसेच्या दोन रुंद बाजू, जिथे गोंदाची खरी पकड असते, त्या क्लॅम्पच्या दाबाला समांतर असतात, त्यांच्यावर दाब येतच नाही. त्या खाचेच्या भिंतींना टेकायच्या तर कापतानाच तशा कापायला हव्यात. बाहेरून दोन दिवस आवळा नाहीतर दोन महिने, आतली फट मिटत नाही.

तरीही खात्री करायची म्हणून मी सागाच्या तुकड्यांचे दोन सांधे केले. एक कानसून कानसून घट्ट बसवला, एक मुद्दाम सैल ठेवला. गोंद एकाच डब्यातला, सुरुवातीचा, स्वस्तातला. घट्ट सांध्याचा क्लॅम्प तासाभरात काढला, सैल सांधा दुसऱ्या दिवसापर्यंत आवळून ठेवला. मग दोन्ही सांध्यांना आणखी एक दिवस तसंच पडू दिलं आणि पायाखाली धरून मोडले. सैल सांधा कुरकुरला आणि निघून आला. घट्ट सांध्याला मला सगळा भार द्यावा लागला. शेवटी मोडलं ते लाकूड, सांधा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण माझा मित्र असली कूस कापणारा माणूस नव्हता. त्याने वीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नातला पलंग केला होता, तो अजून हूं की चूं करत नाही. मग मी त्याच्याकडे नीट बघायला लागलो. चहाचा कप तो दोन हातांनी धरत होता. पेन्सिलीने रेघ मारताना मनगट बाकावर दाबून धरत होता. करवत लावली की पहिल्या दोन ओढींना पातं थरथरायचं.

ते दोन मोडके सांधे मी बाकावर ठेवले. त्याने उचलले, उलटसुलट पाहिले.

"गोंद कुठला?"

"दोन्हीला पहिलाच."

त्याने सैल सांध्याची कूस अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "मला शिकवतोस?"

"नाही."

"माझे वडील सांगायचे, कूस हाताने दाबली की आत जायला हवी आणि काम उलटं धरलं तरी पडायला नको. ठोकून घालावी लागली तर लाकूड फुटतं आणि गोंदही निपटून निघतो. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून हे मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? गोंदाला नाव ठेवलं की हाताला ठेवावं लागत नाही." त्याने उजवा हात पुढे केला. बोटं बारीक कापत होती. "आजोबांना असंच झालं होतं. शेवटी त्यांना भाकरी मोडता येत नव्हती. मुलगी लग्नाची आहे. सुताराचा हात गेला म्हटल्यावर कोण काम देणार?"

माझं तर कामच गेलेलं होतं. मी एवढंच म्हटलं, "घरी सांगितलंस?"

त्याने नाही अशी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मी शेड उघडून बसायचो. आठवड्याने त्याची बायको त्याच्यासोबत आली आणि मला म्हणाली, "भावजी, यांना आज डॉक्टरकडे नेते आहे. तुम्ही बरोबर चला, नाहीतर हे वाटेत उतरतील."

डॉक्टरांनी त्याला कागदावर गोल गोल काढायला लावले, हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं. कंपवात नाही म्हणाले. काहीतरी करायला गेलं की हात कापतो असा हा वेगळा प्रकार, घराण्यात चालणारा. गोळीने कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. बाहेर आल्यावर मित्र रस्त्याच्या कडेला उभा राहून रडला. त्याची बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि मी समोरच्या दुकानातल्या वह्या बघत होतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. रेघा तोच मारायचा, मनगट टेकवून. करवतीला दोन्ही बाजूंनी आधार देणारा एक लाकडी साचा मी केला. कूस जरा जाडच कापायची आणि मग रंध्याने एकेक पापुद्रा काढत खाचेला बसवायची. रंधा लाकडावर टेकलेला असतो, त्याच्या वजनाखाली हात शांत होतो. पापुद्रा काढायचा, घालून बघायची, पुन्हा काढायचा. किती काढायचं हे त्याच्या बोटांना कळायचं, मला शेवटपर्यंत व्हर्नियर लागला.

अभ्यासिकेच्या सगळ्याच खुर्च्या आम्ही परत आणल्या, न हललेल्यासुद्धा. सैल सांधे उघडून जुना गोंद कोऱ्या लाकडापर्यंत खरवडला, कारण वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. बारीक झालेल्या कुसांना दोन्ही अंगांनी सागाचे पातळ पापुद्रे चिकटवले आणि ते वाळल्यावर रंधून बसवले. एका पायातली खाचच फुटली होती. तिथे मात्र इपॉक्सी वापरलं, पोकळी भरून धरायचं काम ते करतं. बाकी सगळीकडे पहिलाच साधा पांढरा गोंद. खोलीतल्या खुर्चीला तेवढा पुरतो. क्लॅम्प तासाभराने सुटायचे आणि पुढच्या खुर्चीला लागायचे. वाळायला मात्र एक पूर्ण दिवस द्यायचो.

खुर्च्या पोचवायला आम्ही दोघं गेलो. मित्राने बाईंना स्वतःहून सांगितलं, "गोंद चांगला होता, बाई. माझा हात बरा नव्हता. आता औषध चालू आहे."

मला वाटलं बाई काहीतरी लागट बोलतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या अक्षराचंही तसंच झालंय," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहायचे तेव्हा मुलं वाचू शकायची. आता मलाच वाचता येत नाही. तुम्ही निदान दुरुस्त करून आणलंत." मग आत वळून म्हणाल्या, "अगं, ये इकडे. बसून दाखव यांना."

अकोल्याची ती मुलगी हातात पुस्तक घेऊन आली. तिने आधी हाताने खुर्ची दाबली, मग अंग चोरून टेकली. मित्र दोन पावलं पुढे गेला.

"नीट बस, बाळा. मागे रेल."

ती रेलली. खुर्चीतून आवाज आला नाही. मुलीने मांडीवरचं पुस्तक उघडलं आणि आम्ही उभे आहोत हे विसरून वाचायला लागली. जिना उतरताना मित्राने कठड्याला हात घातला, तो हलवून पाहिला आणि म्हणाला, "याची कूस ढिली आहे. विचारू का बाईंना?"